साक्षीदार हजर

“बाई, एक विचारू? शाळा सुटल्यावर मस्टरवर सही करायले जाता, तेव्हा तुम्ही दररोज एक पोरगी संगं काहून नेता?”

प्रश्न विचारून प्रेमिला तशीच उभी राहिली, मान ताठ, वेण्या पुढे. दहावी ब मधल्या एक्केचाळीस पोरींनी श्वास रोखला होता. पैज बोरकुटाच्या दोन पुड्यांची होती आणि लावली होती पंचफुलानं. “तू भाषणात पहिली आली ना, मग विचारून दाखव,” असं तिनं मधल्या सुट्टीत डिवचलं होतं. महिन्याभरापूर्वी आंतरशालेय स्पर्धेत ढाल जिंकल्यापासून प्रेमिलाला विचारता येणार नाही असा प्रश्न जगात उरलाच नव्हता. शिवाय तिचे बाबूजी शाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आणि हेडसर तिचे सख्खे मामा. घाबरायचं कोणाला?

पराते बाई फळ्यावरच्या नकाशात गोंदियाजवळ भाताचं कोठार काढत होत्या. जयवंता पराते. उमरेडच्या विणकराच्या घरातली मुलगी, शाळेत येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. रोज पहाटेच्या एसटीनं यायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं जायच्या. प्रश्न ऐकून त्यांचा खडू थांबला. त्या रागावतील असं पोरींना वाटलं होतं, हसतील असंही वाटलं होतं. बाईंनी यातलं काहीच केलं नाही. खडूचं टोक त्यांनी फळ्यावर इतकं दाबलं की ते तुटून पहिल्या बाकावर पडलं.

“बस खाली,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, अगदी सहज विचारल्यासारखं, “प्रेमिला, उद्या तू येशील का माझ्यासंगं?”

वर्ग फिसकन हसला. प्रेमिलानं बोरकूट जिंकलं आणि सगळ्यांना चिमूट चिमूट वाटलं. पण त्या दिवशी ते नेहमीसारखं आंबट लागलं नाही.

मस्टर आधी कारकुनाच्या टेबलावर असायचं. जूनपासून हेडसरांनी ते आपल्या खोलीत, आपल्या टेबलावर ठेवून घेतलं. कोण उशिरा येतं ते त्यांना स्वतःला पाहायचं होतं. सकाळची सही घोळक्यात व्हायची. पण संध्याकाळची सही ज्याचा तास जसा सुटेल तशी व्हायची, आणि पराते बाईंना शेवटचा तास नेहमी वरच्या मजल्यावर दिलेला असायचा. त्या खाली येईपर्यंत बाकीचे मास्तर सायकली काढून चिटणीस पार्कच्या पुढे गेलेले असायचे.

दुसऱ्या दिवशी प्रेमिला वह्यांचा गठ्ठा धरून बाईंच्या मागे गेली. मामा खुर्चीत रेलून पान लावत होते. मनोहरराव म्हणजे उंचापुरा, गोरा, खणखणीत आवाजाचा माणूस. गणपतीत पाच दिवस घर दणाणून सोडणारे, भाचीला खांद्यावर घेऊन रामटेकच्या पायऱ्या चढलेले.

“अरे वा! आज आमची भाची चपराशी!” मामा हसले. “बरं झालं आली. जा वं प्रेमिला, माठातलं गार पाणी आण एक गिलास.”

प्रेमिलानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली नाही. नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते प्रेमिलाला कळलं, पण पुरतं कळायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात पाय सवयीनं माठाकडे वळले होते. मामांनी सांगितलं आणि प्रेमिलानं केलं, हे लहानपणापासूनचं होतं.

माठ व्हरांड्याच्या टोकाला. ती जवळजवळ पळतच गेली आणि पळतच आली. दार मघाशी उघडं होतं, आता लोटलेलं. तिनं खांद्यानं ढकललं.

बाईंचा उजवा हात मस्टरवर होता, बोटांत पेन. त्यांच्या मनगटावर मामांचा हात, आणि मामांचा दुसरा हात बाईंच्या पाठीवर, मानेजवळ. बाई हात ओढत होत्या. त्याच क्षणी हिरवी बांगडी कटकन तुटली आणि दोन तुकडे मस्टरच्या पानावर पडले. एकाच्या टोकाला रक्त होतं, थेंबभर.

“पाणी,” प्रेमिला म्हणाली. दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. भाषणात पहिली आलेली पोरगी, आणि शब्द कोणता तर पाणी.

मामांनी हात काढला, अगदी सावकाश. “बाईले सही कुठं करायची तेच समजत नाही,” ते हसून म्हणाले. “अजून कच्च्या आहेत. पक्क्या व्हायच्या आहेत.”

बाईंनी सही केली, तुकडे उचलले, पदरानं पान पुसलं. बाहेर आल्यावर त्या नळाशी हात धूत राहिल्या. प्रेमिला बाजूला उभी होती, गिलास हातातच.

“पाह्यलं तू?” बाई म्हणाल्या.

“हो.”

“तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं मग.” त्यांनी तोंडावर पाणी मारलं. “मी तुलेच काहून आणलं माहीत आहे? म्हटलं, भाचीसमोर तरी नाही करणार.”

पराते बाईंनी तक्रार लिहिली ती धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी. तीन पानं, फुलस्केप, दोन्ही बाजूंना समास सोडून. शिक्षकाचा कुठलाही अर्ज मंडळाकडे ‘मार्फत मुख्याध्यापक’ असाच जायचा. तशी पद्धतच होती. रजेचा अर्ज असो की बढतीचा, आधी हेडसरांची सही, मग पुढे. आता हेडसरांविरुद्धचा अर्ज हेडसरांच्या मार्फत कसा द्यायचा? म्हणून बाई स्वतः महाल भागात आल्या आणि प्रेमिलाच्या बाबूजींच्या, म्हणजे मधुकररावांच्या, लुगड्यांच्या दुकानात पाकीट त्यांच्या हातात दिलं.

दिवाळीचं गिऱ्हाईक पायरीपर्यंत आलेलं. मधुकरराव एका हातानं घडी मोडत होते, दुसऱ्या हातानं चहा पीत होते. “पाहतो बाई, पाहतो,” म्हणाले आणि पाकीट शाळेच्या फायलीत सरकवलं.

ती फाईल म्हणजे निळ्या पुठ्ठ्याची, पांढऱ्या नाडीची. शाळेचे कागद तिच्यात घालून घरी यायचे आणि मधुकरराव दुपारी जेवण झाल्यावर एकेका कागदाच्या कोपऱ्यात तेच एक वाक्य लिहायचे, ‘मुख्याध्यापकांनी अभिप्राय द्यावा’, आणि खाली सही. अकरा वर्षं ते असंच करत आले होते. त्या दुपारीही केलं. पाकीट फोडलं, पानं सपाट केली, दुकानातून पोऱ्या दोनदा बोलवायला आला, त्यांनी कोपऱ्यात वाक्य लिहिलं, सही ठोकली, नाडी बांधली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल शाळेत नेली कोणी? प्रेमिलानं. चपराशाचा हेलपाटा वाचतो म्हणून ती रोजच न्यायची. दप्तरात भूगोलाचं पुस्तक, त्याला चिकटून ती फाईल. तिनं ती मामांच्या टेबलावर ठेवली, मस्टरच्या शेजारी, आणि वर्गात जाऊन पंचफुलाला नव्या पैजेबद्दल सांगत बसली.

मामांनी अभिप्राय दिला तोही त्याच दिवशी. ‘सदर शिक्षिका वारंवार उशिरा येतात. ताकीद दिल्यामुळे आकसानं अर्ज केला आहे.’ सोबत सात तारखांचा मेमो. बाईंच्या हातात मेमो पडला, त्यावर त्यांच्याच तक्रारीचा संदर्भ क्रमांक होता. मधल्या सुट्टीत पोरींनी पाहिलं, पराते बाई स्टाफरूममध्ये न बसता मागच्या चिंचेखाली उभ्या होत्या. हातात मेमो होता आणि त्या तो वाचतही नव्हत्या.

“तुम्हाले कोणं सांगितलं होतं बाबूजी, त्याच्याचकडे पाठवायले?” प्रेमिलानं घरी येऊन विचारलं. बाईंनी तिला फक्त एवढंच म्हटलं होतं की फाईल तू आणली ना. तेवढ्यावरून सगळं उलगडलं होतं.

मधुकरराव खरंच चपापले. वाईट माणूस नव्हते ते. “मी वाचलंच नाही वं पोरी,” ते म्हणाले. “सवयीनं लिहिलं गेलं.”

“आता तर वाचलं ना?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. 

मंडळात बाई एकच होत्या, सत्यवतीबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळाच्या सचिव, आवाज बारीक पण पट्टीसारखा सरळ. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्या घरी आल्या, काखेत खाजगी शाळांच्या नियमांचं पुस्तक. बैठकीच्या खोलीत फक्त त्या आणि मधुकरराव. प्रेमिला दाराआड चिवडा कालवत होती, म्हणजे एकच मूठ पंधरा मिनिटं कालवत होती.

“चौकशी लावाच लागेल,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “आरोप रजिस्टर पोस्टानं मनोहररावाले पाठवा, सात दिवसांत खुलासा मागा. खुलासा पटला नाही तर समिती. घरात बोलून मिटवायची गोष्ट नाही ही.”

“समितीच लावू. मी कुठं नाही म्हणून राहिलो?”

“आणि समितीत कोण?” त्यांनी पुस्तक उघडलं. “साध्या शिक्षकाची चौकशी असती तर मंडळाले कोणालेही बसवता आलं असतं. हे मुख्याध्यापकाचं आहे. तिघं. एक अध्यक्ष स्वतः. एक मुख्याध्यापक ज्याचं नाव देईल तो, कुठल्याही खाजगी शाळेतला. आणि एक पुरस्कार मिळालेला मुख्याध्यापक, तोही अध्यक्षानं निवडायचा.”

“मग तर प्रश्नच मिटला. नियमातच आहे, अध्यक्ष बसेल.”

“अध्यक्ष बसेल, खरं आहे. पण ज्याची चौकशी त्याच्या बहिणीचा नवरा बसेल, असं कुठं लिहिलं आहे?” सत्यवतीबाईंनी पुस्तक मिटलं. “मधुकरराव, तुम्ही खाली उतरा. राजीनामा द्या, मंडळ दुसरा अध्यक्ष निवडेल, तो समितीत बसेल. चौकशी झाली की पुन्हा या. एवढंच करा.”

मधुकरराव बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग एकेक अडचण बाहेर आली. अध्यक्ष बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे बदलाचा अर्ज जातो, तिथं महिनोन्‌महिने लागतात. नव्या माणसाच्या सहीवर बँक अडते. नवीन खोल्यांचं बांधकाम अर्धवट आहे. आणि लोक म्हणतील, मेव्हण्याले वाचवता नाही आलं म्हणून पळाला.

“लोक आत्ता काय म्हणून राहिले ते ऐकलं का?” सत्यवतीबाई म्हणाल्या.

“मी पक्षपात करीन असं वाटते का तुम्हाले?”

“तुम्ही करणारही नाही. पण त्या पोरीले कसं वाटेल? तिचा अर्ज तुम्ही एकदा पाठवून बसलाच त्याच्याकडे.”

मधुकररावांनी अडकित्ता पुन्हा उचलला. सत्यवतीबाई उठल्या, चहा न पिता गेल्या. दिवाळीनंतर त्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतही जाऊन आल्या. तिथं त्यांना सांगण्यात आलं की समितीत कोण असावं ते नियमातच आहे, मंडळाचं मंडळानं पाहावं. आणि मुख्याध्यापकाला निलंबित करायचं तर तसा ठराव मंडळानं पाठवावा, मग पाहू. ठराव करायला सभा लागते. सभा बोलवायची अध्यक्षांनी.

त्याआधी भाऊबीजेला मामा घरी आले. पांढरं धोतर, अत्तर, हातात प्रेमिलासाठी नवं पेन. आईनं, म्हणजे वच्छलाबाईंनी, पाट मांडला, दिवा लावला.   मामा खुशीत होते.

“काय वं वक्त्या बाई, बोलून नाही राहिली मामासंगं?”

“डोकं दुखते,” प्रेमिला म्हणाली.

“दुखेलच. नसत्या प्रश्नांनी दुखते.” मामा हसले, अनारसा मोडला. पेन पाटाजवळच पडून राहिलं.

ते गेल्यावर प्रेमिलानं आईला सगळं सांगितलं. पाणी, दार, मनगट, बांगडी. आई भांडी विसळत होती, तिनं नळ बंद केला.

“त्याची सवय आहे ती, पाठीवर हात ठेवायची. मोकळा आहे तो,” आई म्हणाली.

“मनगट धरायची बी सवय आहे?”

आईनं पदराला हात पुसले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “हाताले लागलं होतं का वं तिच्या?”

“रक्त आलं होतं.”

“खूप?”

“आई, थेंब होता. खूप पायजे होतं का?”

वच्छलाबाईंनी पुन्हा नळ सुरू केला, जरा जास्तच जोरात. प्रेमिलाला एकदम आठवलं, धाकटी मावशी लग्नाआधी इथं शिकायला होती तेव्हा आईनं तिला मामांच्या घरच्या रिकाम्या खोलीत राहू दिलं नव्हतं. इथंच, स्वयंपाकघरात, गादी टाकून ठेवलं होतं दोन वर्षं. काहून ते तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. तशी पैज कोणी लावली नव्हती.

मामांचा खुलासा आला, तो पटला नाही असं मधुकररावांनी लिहिलं आणि समिती झाली. तेवढं तरी त्यांनी केलं म्हणून प्रेमिलाला दोन दिवस हुरूप आला होता. मामांनी आपल्या बाजूनं दुसऱ्या शाळेतले एक जाडजूड इंग्रजीचे मास्तर दिले. पुरस्कारवाले म्हणून मधुकररावांनी रामटेकचे चंपतराव गुरुजी निवडले. केसासकट मन पांढरं, असं त्यांच्याबद्दल सगळे म्हणत.

पहिल्या बैठकीआधी गुरुजी घरी चहाला आले. प्रेमिला कप ठेवायला गेली तेव्हा ते तिच्या बाबूजींना सांगत होते, “माझी एकच अट आहे मधुकरराव. जे घडेल ते कागदावर यायले पायजे. कोण आलं, कोण गेलं, कोण काय बोललं. कामकाजाच्या प्रत्येक पानावर तिघांची सही. जो हजर, तो हजर. कागदावर नाही ते मी मानत नाही, आणि कागदावर आहे ते पुसू देत नाही.”

“अगदी तसंच होईल,” मधुकरराव म्हणाले.

प्रेमिलाला ते वाक्य फार आवडलं. तिनं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, चांगल्या भाषणात वापरता येईल म्हणून.

पहिली बैठक शाळेच्या ग्रंथालयात झाली, शनिवारी, शाळा सुटल्यावर. बाई आत दोन तास होत्या. सोमवारी त्या वर्गात आल्या तेव्हा त्यांनी नकाशा उलटा लावला आणि कोणी हसलंही नाही. शेवटच्या तासाआधीच्या लहान सुट्टीत प्रेमिलानं त्यांना चिंचेखाली गाठलं.

“काय झालं बाई?”

“विचारलं. मी ओरडली काहून नाही. दार मीच लोटलं होतं का. एकटी एसटीनं येते, मग भीती कायची वाटते.” बाई हसल्या, पण त्या हसण्याला पोरींचं हसणं म्हणता आलं नसतं. “गुरुजी चांगले आहेत. त्यायनं विचारलं, कोणी पाह्यलं का? मी म्हटलं, हो.”

“मग माझं नाव सांगा ना! मी येतो! मी सगळं सांगतो!”

“सांगितलं ना. लिहून दिलं होतं आधीच. साक्षीदारांची नावं समितीच्या निमंत्रकाले लिहून द्यायची असतात. निमंत्रक म्हणजे अध्यक्ष, तुझे बाबूजी.” बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “त्यायनं नाव कापलं. म्हणाले, साक्षीदार अध्यक्षाची मुलगी आहे, तिची साक्ष घेतली तर चौकशी निःपक्षपाती राहणार नाही.”



“गुरुजी काय म्हणाले?”

“ते म्हणाले, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. दुसरे मास्तर म्हणाले, अगदी बरोबर आहे. झालं, तिघांत दोन झाले.” बाईंनी पदराचं टोक सोडलं. “उद्या दुसरी बैठक. मग अहवाल. पुराव्याअभावी आरोप सिद्ध होत नाही, असं लिहितील. मी अजून पक्की नाही नोकरीत. दोन वर्षं व्हायच्या आत मंडळ महिन्याभराची नोटीस देऊन काढू शकते. कारण बी सांगावं लागत नाही.”

“मग तुम्ही नाही जाणार उद्या?”

“जाईन ना. न जाऊन काय करू? नाही गेली तर लिहितील, तक्रारदार गैरहजर.” त्यांनी प्रेमिलाच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधून दिली. “तू प्रश्न विचारला, ते बरं केलं पोरी. सव्वा वर्षात तूच एकटीनं विचारलं. आता अभ्यास कर.”

घंटा झाली. बाई जिना चढून वर गेल्या, वरच्या मजल्यावर, शेवटच्या तासाला.

त्या संध्याकाळी पंचफुला महालातल्या गल्लीपर्यंत प्रेमिलासोबत आली. “तू काय करशील गा?” तिनं विचारलं. चिडवायला ती नेहमी पोट्ट्याला हाक मारावी तशी प्रेमिलाला ‘गा’ म्हणायची. आज चिडवण्याचा सूर नव्हता.

“मले काहीच करता येत नाही पंची,” प्रेमिला म्हणाली. “मी काय करणार? माझं नाव कापलं. मी ओरडली तर घरात ओरडीन. भाषण केलं तर कोणासमोर करू, पाटावर बसलेल्या मामासमोर?”

“मग?”

“मग काही नाही.” आणि तिला खरोखरच काही सुचत नव्हतं. नरसिंग टॉकीजपासून घरापर्यंत तिनं चपलेनं एकच खडा ढकलत आणला.

जेवायला बसले तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. आईनं भरीत केलं होतं, बाबूजींना आवडतं म्हणून. मधुकररावांनी दोन घास खाल्ले आणि थांबले.

“तू रागावली आहेस माझ्यावर,” ते म्हणाले.

“बाबूजी, मी तुमची मुलगी म्हणून साक्ष द्यायची नाही. बरोबर?”

“बरोबर. लोक म्हणतील घरातलीच पोरगी उभी केली.”

“मग तुम्ही मामाचे मेव्हणे. तुम्ही न्याय द्यायचा. हे बरोबर?”

आईचा हात भाकरीवर थांबला. मधुकररावांनी हातातला घास ताटात ठेवला.

“नियमात अध्यक्षाचं नाव आहे वं,” शेवटी ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. “मले काय हौस आहे? मी उतरलो असतो तर कोण चढलं असतं? मनोहरचाच माणूस. आणि मी मनोहरविरुद्ध लिहिलं तर तुझ्या आईनं दरवर्षी कोणाले ओवाळायचं? तू मले सांग. तूच सांग, मी काय करू?”

त्यांचे डोळे ओले झाले होते. ते पाहून प्रेमिलाचा राग कुठल्या कुठे गेला, आणि राग गेल्यावर तर आणखीच काही उरलं नाही. हा माणूस मामांना वाचवत नव्हता. ह्याला कुठूनही बाहेर पडायचा रस्ता दिसत नव्हता, एवढंच होतं. आणि ज्या रस्त्यावर तो उभा होता तिथूनच पराते बाईंना घरी जायचं होतं.

“मले नाही माहीत बाबूजी,” ती म्हणाली. “तुम्ही काय करावं ते मले खरंच नाही माहीत.”

“मग जेव,” आई म्हणाली. “गार होऊन राहिलं.”

प्रेमिलानं ताट सरकवलं नाही. रडलीही नाही. चंपतराव गुरुजींचं वाक्य तिला आठवलं, वहीच्या मागच्या पानावरचं, आणि तिनं ते मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

“मी उद्या येणार आहे,” ती म्हणाली. “बैठकीले.”

“प्रेमिला, तुझं नाव यादीत नाही.”

“माहीत आहे. माझी साक्ष नका घेऊ. काही विचारू नका, मी काही बोलणार नाही. पराते बाईंच्या मागे मस्टरकडे गेली होती ना, तशीच जाईन. ग्रंथालयाच्या दारात उभी राहीन, बैठक सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. कोणी म्हटलं पाणी आण, तर आणणार नाही.” तिचा श्वास भरून आला होता, पण आवाज सरळ निघत होता. “आणि गुरुजीले म्हणीन, तुमच्या कागदावर एवढंच लिहा, साक्षीदार हजर, साक्ष घेतली नाही. खाली तिघांच्या सह्या होतील. तुमची बी.”

“लोक काय म्हणतील?” आईनं विचारलं. पण तिचा आवाज विचारल्यासारखा नव्हता.

“अहवाल तुम्ही लिहायचा तो लिहा बाबूजी. तो मले अडवता येत नाही. पण कामकाजाच्या कागदावरचं एक वाक्य तरी खरं असेल. मी ठरवलं आहे.”